एक कॅरेट गेलं की काउंटर दोन-तीन-पाच मोजतो: स्लो एज, नॉइज आणि 74HC14 ची गोष्ट

आधी लक्षण सांगतो, तुमचंही असंच असेल तर पुढे वाचा. सेन्सरसमोरून वस्तू एकदाच जाते पण काउंटर कधी एक वाढतो, कधी दोन, कधी पाच. टेबलावर टेस्ट केलं तर बरोबर चालतं, साइटवर लावलं की बिघडतं. कॅपॅसिटर लावला की दोन दिवस बरं वाटतं मग परत तेच. आणि चिप बदलून काही फरक पडत नाही. माझ्याकडे हे तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी शांत बसून मुळाशी गेलो, त्याच्या आधी दोन वेळा नुसतं लिंपून आलो होतो हे कबूल करतो.

साइट म्हणजे नागपूरच्या काटोल रोडकडचं संत्र्याचं पॅकिंग शेड. पट्ट्यावरून प्लास्टिकची कॅरेटं जातात, एका बाजूला आयआर एलईडी, समोर फोटोट्रान्झिस्टर, मधून कॅरेट गेलं की बीम कटते आणि मोठ्या डिस्प्लेवर आकडा वाढतो, बस एवढंच काम. फोटोट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला १० के चा पुल-अप, ५ व्होल्टवर. बीम चालू असली की कलेक्टर खाली, ०.३ व्होल्टच्या आसपास, कॅरेट आलं की वर ५ व्होल्ट. हा सिग्नल बारा मीटर केबलने खालच्या पॅनलमध्ये येतो, तिथेच सप्लाय आहे, आणि तिथून दोन मीटर बारीक रिबन वायरने वर खांबावरच्या डिस्प्लेच्या डब्यात जातो जिथे मोजणारा काउंटर 74HC390 आणि त्याच्यापुढे डिस्प्लेचे सेगमेंट चालवणारे CD4511 बसलेत. सिग्नल थेट 74HC390 च्या क्लॉक पायावर, म्हणजे ज्या पायावरच्या पल्स तो मोजतो तिथे. इथेच चूक होती, पण ते तेव्हा कळलं नाही.

सीझन सुरू झाला अन् दुसऱ्याच दिवशी शेडवरच्या काकांचा फोन, "भाऊ, तुमचं मशीन डबल मोजून रायलं, आमचा पोऱ्या वहीत लिहिते तो आकडा बराबर हाय अन् तुमचा दीडपट हाय." गेलो. समोर उभं राहून पाहिलं तर खरंच, एक कॅरेट गेलं आणि आकडा ४० वरून ४२. पुढचं गेलं, ४३, बरोबर. पुढचं गेलं, ४५.

मी काय केलं, जे सगळेच करतात ते. नॉइज आहे म्हणजे कॅप लावा. पॅनलमधल्या टर्मिनलवर सिग्नल ते ग्राउंड १०० नॅनोफॅरॅड लावला, काही फरक नाही. १ मायक्रोफॅरॅड लावला, थोडं बरं वाटलं म्हणून घरी आलो. परत फोन. मग तिसऱ्या खेपेला १० मायक्रोफॅरॅडचा इलेक्ट्रोलिटिक ठोकला आणि तेव्हा प्रकार आणखी बिघडला, आता एकेक कॅरेट पाच-सहा मोजून राहिलं होतं. कॅप वाढवला की चुका वाढतात हे पाहून डोकं गरगरलं पण खरं तर तिथेच उत्तर होतं.

एज म्हणजे सिग्नलचं खालून वर किंवा वरून खाली जाणं, आणि माझी एज फार मंद होती. किती मंद ते आधी पाहू. पट्टा सेकंदाला २० सेंटीमीटर चालतो, बीमची रुंदी साधारण ५ मिलीमीटर. म्हणजे कॅरेटची कड बीममध्ये शिरल्यापासून बीम पूर्ण झाकली जाईपर्यंत २५ मिलीसेकंद जातात, आणि तेवढा वेळ कलेक्टरचं व्होल्टेज हळूहळू खालून वर सरकत असतं. कॅप न लावताच एवढा वेळ बरं का, हा पट्ट्याचा वेग आहे, इलेक्ट्रॉनिक्सचा दोष नाही.

```
dV/dt = 5 V / 25 ms = 200 V/s = 0.2 mV/µs
```

आता 74HC390 ची डेटाशीट उघडा, तिथे इनपुटचा राइज टाइम आणि फॉल टाइम जास्तीत जास्त किती चालेल ते दिलेलं असतं, ४.५ व्होल्ट सप्लायला ५०० नॅनोसेकंद. आपण देतोय २५ मिलीसेकंद. पन्नास हजार पट मंद. ही ओळ डेटाशीटमध्ये असते आणि कोणीच वाचत नाही, मीपण वाचली नव्हती. चिप खराब नसते, आपण तिला जे द्यायचं नाही तेच देत असतो.

पण मंद दिलं तर नेमकं होतं काय? साध्या सीमॉस इनपुटला एकच थ्रेशोल्ड असतो, ५ व्होल्ट सप्लायला साधारण अडीच व्होल्टजवळ. त्याच्या खाली शून्य, वर एक. एज वेगात गेली तर ती थ्रेशोल्डच्या आसपास काही नॅनोसेकंद असते, तेवढ्यात नॉइजला काही करता येत नाही. आपली एज मात्र तिथे रेंगाळते. समजा सिग्नलवर १०० मिलीव्होल्ट नॉइज आहे, तर

```
t = 0.1 V / 200 V/s = 0.5 ms
```

म्हणजे अर्धा मिलीसेकंद सिग्नल अशा पट्टीत आहे जिथे नॉइजचं प्रत्येक शिखर त्याला थ्रेशोल्डच्या वर नेतं आणि प्रत्येक दरी खाली आणते. 74HC390 दर सेकंदाला कोट्यवधी पल्स मोजू शकणारी चिप आहे, तिच्यासाठी अर्धा मिलीसेकंद म्हणजे अख्खा दिवस. ती प्रत्येक वर-खाली इमानदारीने मोजते. खोटं काही मोजत नाही, तिला खरंच तेवढ्या एज दिसतात.

इथपर्यंत बऱ्याच जणांना माहीत असतं. मला गोंधळात टाकणारी गोष्ट वेगळी होती. कॅपने केबलवरचा नॉइज तर कमी व्हायला हवा, १० मायक्रोफॅरॅडने तर जवळजवळ संपायला हवा, मग चुका वाढल्या कशा?

उत्तर डिस्प्लेकडे पाहता पाहता मिळालं. रिसेट करून एकेक कॅरेट हाताने ढकलत होतो आणि लक्षात आलं की आकडा १ वर क्वचितच थांबतो, जास्त करून ० वरून सरळ २ वर जातो. १० वरून १२, २० वरून २२. २ वरून ३ मात्र बऱ्याचदा नीट. नॉइज बाहेरून येत असता तर त्याला काय माहीत की डिस्प्लेवर कोणता आकडा आहे? म्हणजे गडबड डिस्प्लेतूनच येऊन राहिली होती.

हिशोब बघा. सेव्हन सेगमेंटवर ० ला सहा सेगमेंट जळतात, १ ला दोन. माझ्या सर्किटमध्ये एका सेगमेंटला साधारण ८ मिलीअँपिअर, म्हणजे ० चा १ झाला की करंट एकदम ३२ मिलीअँपिअरने कमी होतो. हा करंट त्याच बारीक रिबनच्या ग्राउंड वायरने खाली सप्लायला परत जातो, आणि त्या वायरीचा रेझिस्टन्स कनेक्टर धरून अर्धा ओहम. ३२ मिलीअँपिअर गुणिले अर्धा ओहम, १६ मिलीव्होल्ट. म्हणजे मोजताक्षणी डब्यातल्या चिपचं ग्राउंड १६ मिलीव्होल्ट खाली येतं. सेन्सरचा सिग्नल तर खालच्या सप्लायच्या ग्राउंडच्या हिशोबाने येतो, तो जागचा हलला नाही, पण चिपला तो आता १६ मिलीव्होल्ट वर चढलेला दिसतो. 74HC390 खाली जाणाऱ्या एजवर मोजते. सिग्नल खाली उतरत होता, थ्रेशोल्ड ओलांडला, आकडा ० चा १ झाला, ग्राउंड सरकलं, सिग्नल परत थ्रेशोल्डच्या वर दिसायला लागला, आणि मग आपल्या मंद चालीने पुन्हा खाली उतरला. झाला दुसरा काउंट. आता १ चा २ झाला, सेगमेंट दोनाचे पाच झाले, करंट वाढला, ग्राउंड वर गेलं, सिग्नल आणखी खाली दिसला आणि प्रकरण तिथे थांबलं. म्हणून २.

१६ मिलीव्होल्ट म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण ०.२ मिलीव्होल्ट प्रति मायक्रोसेकंद या चालीने १६ मिलीव्होल्ट परत उतरायला ८० मायक्रोसेकंद लागतात, चिपसाठी भरपूर. आणि १० मायक्रोफॅरॅड लावल्यावर? १० के गुणिले १० मायक्रो म्हणजे १०० मिलीसेकंदाचा टाइम कॉन्स्टंट, वर चढताना अडीच व्होल्टजवळ चाल उरते ०.०२५ मिलीव्होल्ट प्रति मायक्रोसेकंद. आठपट मंद. तेच १६ मिलीव्होल्ट ओलांडायला आता ६४० मायक्रोसेकंद. केबलवरचा नॉइज कॅपने खाल्ला हे खरं, पण चिपच्या ग्राउंडचं हलणं कॅपच्या हातात नव्हतंच, कारण कॅप होता खाली टर्मिनलवर, सप्लायच्या ग्राउंडला. उलट एज आणखी रेंगाळली आणि मोटरचा, रिलेचा, डिस्प्लेचा जो काही कचरा ग्राउंडवर होता त्याला आणखी वेळ मिळाला. (कॅप चिपच्या पायाशीच लावला असता तर ग्राउंडचा हा भाग कमी झाला असता, पण एज डेटाशीटच्या बाहेर ती बाहेरच राहिली असती आणि चिपच्या आतलं ग्राउंड हलतं त्याचं काय करणार.)

खात्री करायला मी CD4511 चे तिन्ही आयसी सॉकेटमधून काढले आणि काउंटरच्या आउटपुटवर मल्टिमीटर धरून आकडा वाचला. वीस कॅरेटांत चुका जवळजवळ गायब. डिस्प्ले परत बसवला, चुका परत. तुमच्याकडे ऑसिलोस्कोप नसेल तर ही युक्ती करून पाहा, डिस्प्लेचा लोड काढल्यावर चुका कमी झाल्या तर चोर घरातलाच आहे.

दुसरी एक टेस्ट, ही टेबलावर करायची. १० के चं पॉट, म्हणजे फिरवायचा व्हेरिएबल रेझिस्टर, घ्या, दोन टोकं ५ व्होल्ट आणि ग्राउंडला, मधला पाय काउंटरच्या क्लॉकला. पॉट हळू, अगदी हळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. एकदा वर, एकदा खाली, म्हणजे एक काउंट व्हायला पाहिजे. माझ्या बोर्डवर एका फेरीत आकडा १७ ने वाढला, पुढच्या फेरीत ९ ने. मधल्या जागेवर पॉट नुसतं धरून ठेवलं तर आकडा आपोआप पळतो, बोट हलवायचीपण गरज नाही. हे डोळ्याने एकदा पाहिलं की कोणाला समजवावं लागत नाही.

मग टेबलावर आधी बरोबर कसं चाललं होतं? मी ब्रेडबोर्डवर CD4040 वापरला होता, घरात पडला होता म्हणून. CD4040 पण काउंटरच आहे, पण त्याच्या क्लॉक पायावर आतच मंद एज स्वच्छ करणारा श्मिट ट्रिगर असतो, डेटाशीटमध्ये लिहिलेलंच आहे की राइज-फॉल टाइमला मर्यादा नाही. CD4017 चंही तेच. पीसीबी बनवताना डेसिमल पाहिजे म्हणून 74HC390 घेतला आणि ती सोय नकळत गेली. काउंटर बदलला की फक्त पायांची जुळणी पाहू नका, क्लॉक पायावर श्मिट आहे की नाही तेपण पाहा.

आता उपाय. नागपुरात बर्डीवर कोणत्याही कंपोनंटच्या दुकानात 74HC14 मिळतो, चौदा पायांचा, आत सहा श्मिट इन्व्हर्टर. यात थ्रेशोल्ड एक नसतो, दोन असतात. ५ व्होल्टवर माझ्या नगाचे मी पॉट आणि मल्टिमीटर लावून मोजले, आउटपुटला एलईडी लावला आणि ती ज्या व्होल्टेजला पलटते ते लिहून घेतलं: वर जाताना २.७, खाली येताना १.७. मधला एक व्होल्टचा फरक म्हणजे हिस्टेरेसिस.

ज्यांच्या घरी गच्चीवरच्या टाकीला ऑटोमॅटिक मोटर आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. टाकी अर्ध्याच्या खाली गेली की मोटर चालू, पूर्ण भरली की बंद, मधल्या पाण्याला मोटर विचारत नाही. चालू आणि बंद दोन्ही एकाच रेषेवर ठेवलं तर पाण्याच्या प्रत्येक लाटेबरोबर मोटर चालू-बंद होईल आणि आठवड्यात रिले जळेल. साधं सीमॉस इनपुट म्हणजे ती एकाच रेषेची टाकी.

आत हे पॉझिटिव्ह फीडबॅकने होतं. आउटपुट पलटलं की ते स्वतःच थ्रेशोल्ड दुसऱ्या बाजूला सरकवतं. सिग्नल २.७ ला पोचला, आउटपुट पलटलं, आणि त्याच क्षणी परतीचा थ्रेशोल्ड १.७ वर गेला. आता नॉइजला आउटपुट परत पलटवायचं असेल तर सिग्नलला एक व्होल्ट खाली ओढावं लागेल. १६ मिलीव्होल्टची काय बिशाद, शंभराचीपण नाही. आणि आउटपुटची एज इनपुटच्या चालीवर अवलंबून राहत नाही, फीडबॅक तिला ढकलून देतो, काही नॅनोसेकंदांत इकडून तिकडे. म्हणजे 74HC390 ला पाहिजे तशी क्लॉक मिळते. (ऑटो श्मिट नावाच्या अमेरिकन माणसाने १९३४ मध्ये विद्यार्थी असताना हे सर्किट काढलं, व्हॅक्यूम ट्यूबवर, आणि तो अभ्यास कशाचा करत होता तर स्क्विड नावाच्या समुद्री प्राण्याच्या नसांचा. आपण त्यावर संत्री मोजून राहिलो.)

लावायचा कुठे हे महत्त्वाचं आहे. 74HC14 खाली पॅनलमध्ये लावून त्याचं आउटपुट दोन मीटर रिबनने वर नेलं तरी चालेल असं वाटतं, पण नको. तो डिस्प्लेच्या डब्यातच, 74HC390 च्या शेजारी, त्याच ग्राउंडवर पाहिजे, म्हणजे त्याच्या आउटपुटला आणि काउंटरला ग्राउंड एकच दिसेल. केबल आणि 74HC14 च्या इनपुट पायामध्ये १० के, आणि पायाजवळून ग्राउंडला १० नॅनोफॅरॅड. हा ०.१ मिलीसेकंदाचा फिल्टर आहे, मोटरच्या कॉन्टॅक्टरचे टोकदार स्पाइक खायला पुरतो. आता कॅप लावायला हरकत नाही कारण एज मंद झाली तरी पुढे श्मिट आहे, आणि तो १० के केबलवर काही उलटंसुलटं आलं तर इनपुटच्या डायोडमधला करंटपण अडवतो. चिपच्या १४ आणि ७ नंबर पायात १०० नॅनोफॅरॅड, अगदी जवळ. उरलेले पाच इनपुट ग्राउंडला बांधा, मोकळे सोडले तर ते स्वतःच मधल्या व्होल्टेजला तरंगत सप्लायवर कचरा करतात. आणि रिबनच्या ग्राउंडला समांतर एक जाड वायर टाकली, ते तर करायलाच पाहिजे होतं.

एक लक्षात ठेवा, 74HC14 उलटवतो. आधी माझा काउंट कॅरेट बाहेर पडताना होत होता, आता कॅरेट शिरताना होतो. मला चाललं. तुम्हाला नसेल चालत तर दोन गेट एकामागे एक.

त्यानंतर पॉटची टेस्ट परत केली: हळू वर, हळू खाली, एक. परत, एक. मधे धरून ठेवलं, ढिम्म.

साइटवर लावल्यावर एक आठवडा शांततेत गेला आणि मग संध्याकाळी फोन. पण हा वेगळा होता, जुन्या डब्याचा. शेडमध्ये दुसरी लाइन आहे, तिथे अजून जुनाच बोर्ड होता, आणि तिथे पट्टा मधेच थांबला आणि कॅरेटची कड नेमकी अर्ध्या बीममध्ये अडकली तर आकडा पळत सुटायचा. काकांच्या भाषेत, "मीटर पयते ऑटोरिक्षाचं." घड्याळ लावून मोजलं तर दहा सेकंदांत जवळपास हजार. सेकंदाला शंभर. हा आकडा पाहिला की लगेच लाइट आठवले पाहिजेत, आपल्याकडे मेन ५० हर्ट्झ, आणि चोकवाली ट्यूबलाइट दर सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होते. दिवसा ट्यूब बंद, म्हणून दिवसा बरोबर. संध्याकाळी ट्यूब लागली की फोटोट्रान्झिस्टरवर साधारण ०.३ व्होल्टचं १०० हर्ट्झ रिपल येत होतं.

मजा अशी की पट्टा चालू असताना या रिपलमुळे एकही चूक होत नव्हती. कारण ०.३ व्होल्टचं १०० हर्ट्झ रिपल जास्तीत जास्त ९४ व्होल्ट प्रति सेकंद या चालीने मागे ओढतं, आणि कॅरेटची एज २०० ने पुढे जाते, त्यामुळे सिग्नल मागे फिरतच नाही, फक्त चाल कमी-जास्त होते. पट्टा थांबला की पुढची चाल शून्य, उरतं फक्त रिपल, आणि ते थ्रेशोल्डच्या वर-खाली झुलत बसतं. म्हणजे नॉइज किती व्होल्टचा आहे एवढंच बघून चालत नाही, तो एजपेक्षा जोरात पळतो का ते बघावं लागतं. स्पाइक आणि ग्राउंडचं हलणं छोटं असलं तरी खूप वेगवान असतं म्हणून ते आधी चावतं. अशा अडकलेल्या कॅरेटवर कॅपने काही होत नाही, रिपल कमी झालं तरी शून्य होत नाही, आणि एकच थ्रेशोल्ड असला तर उरलेलं थोडंसंही पुरतं. एक व्होल्टच्या हिस्टेरेसिसमध्ये मात्र ०.३ व्होल्ट आतच फिरत राहतं. दुसऱ्या बोर्डला 74HC14 लावला, कॅरेट अर्धं अडकवून ट्यूब लावून चहा पिऊन आलो, आकडा तिथेच.

आता 74HC14 कुठे कमी पडतो ते. त्या थ्रेशोल्डवर फार विसंबू नका. माझ्या नगाचे २.७ आणि १.७ निघाले पण डेटाशीट ४.५ व्होल्टला हिस्टेरेसिस कमीत कमी ०.४ व्होल्ट एवढीच हमी देते, वरचा थ्रेशोल्ड ३.१५ पर्यंत जाऊ शकतो आणि खालचा ०.९ पर्यंत उतरू शकतो. म्हणजे तुमचा सिग्नल ०.९ च्या नक्की खाली आणि ३.१५ च्या नक्की वर जाणारा पाहिजे. शेडमध्ये धूळ, वॅक्सिंगचा थर, लेन्सवर सगळं साचतं, आयआर कमी पोचतो आणि फोटोट्रान्झिस्टर खालपर्यंत ओढू शकत नाही. महिन्याभराने एका लाइनचं मोजणं पूर्ण बंद झालं तेव्हा कलेक्टरवर मीटर लावलं, बीम मोकळी असताना १.९ व्होल्ट. खालचा थ्रेशोल्ड १.७, मग पलटणार कसं. लेन्स कपड्याने पुसली, ०.४. चूक मोजणं आणि अजिबात न मोजणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, दुसरी आली की आधी व्होल्टेज बघा.

सिग्नलची उडीच छोटी असेल तर LM393 कम्पॅरेटर घ्या आणि थ्रेशोल्ड स्वतः ठरवा. माझ्या दुसऱ्या एका कामात प्लस पायाला ५ व्होल्ट आणि ग्राउंडमधून दोन १० के, आउटपुटवरून त्याच प्लस पायावर २२ के, आउटपुटला ५ व्होल्टकडे २.२ के चा पुल-अप, आणि सिग्नल मायनस पायावर. थ्रेशोल्ड येतात साधारण २.०४ आणि २.९३. २२ के च्या जागी १०० के टाकलं तर दोन्ही थ्रेशोल्ड जवळ येतात, तुमच्या नॉइजप्रमाणे ठरवा. साधा अंदाज: स्कोपवर नॉइजची जी सगळ्यात मोठी उडी दिसेल त्याच्या दुप्पट तरी हिस्टेरेसिस ठेवा, पण सिग्नलच्या पूर्ण झेपेच्या अर्ध्यापेक्षा जास्त नको, नाहीतर वरच्या धुळीसारखं होतं.

अजून एक गोष्ट जी नॉइज अजिबात नसतानाही चावते. समजा एकच मंद क्लॉक दोन चिपना जाते आणि एकीचा थ्रेशोल्ड २.३ आहे, दुसरीचा २.६. आपल्या ०.२ मिलीव्होल्ट प्रति मायक्रोसेकंदच्या चालीने पहिली चिप दुसरीपेक्षा दीड मिलीसेकंद आधी क्लॉक घेते. शिफ्ट रजिस्टर असेल तर पहिलीचं बदललेलं आउटपुट दुसरी त्याच क्लॉकमध्ये घेऊन टाकते आणि डेटा एक घर पुढे सरकून बसतो. म्हणून श्मिट गेट एकच ठेवायचा आणि त्याच्या आउटपुटवरून सगळ्यांना क्लॉक द्यायची, प्रत्येक चिपला वेगळा गेट लावून इनपुट एकत्र जोडले की तोच गोंधळ परत, कारण दोन गेटचे थ्रेशोल्ड तंतोतंत सारखे नसतात.

मायक्रोकंट्रोलरवाल्यांसाठी दोन ओळी. ATmega328P च्या डिजिटल पिनवर आत श्मिट आहे, त्यामुळे छोट्या नॉइजला तो सांभाळतो, पण इंटरप्ट लावून मोजत असाल आणि नॉइज मोठा असेल तर तिथेही जास्तीचे काउंट येतातच. आणि सिग्नल दुसऱ्या कोणत्या क्लॉकवर चालणाऱ्या फ्लिप-फ्लॉपच्या डेटा पायावर जात असेल तर श्मिटने एज स्वच्छ होते, ती क्लॉकच्या एजशी नेमकी भिडायची शक्यता जात नाही, त्यासाठी पुढे दोन फ्लिप-फ्लॉप एकामागे एक लागतातच. बटणाच्या बाउन्सलाही नुसता 74HC14 पुरत नाही, कॉन्टॅक्ट उडतो तेव्हा सिग्नल पूर्ण ० ते ५ उडतो, एक व्होल्टची हिस्टेरेसिस त्याला काय करणार, तिथे आधी रेझिस्टर-कॅपॅसिटरचा आरसी फिल्टर आणि मग श्मिट.

सध्या शेडमध्ये एकच तक्रार उरली होती, कधीतरी पट्टा थांबला की मजूर कॅरेट हाताने मागे ओढतो आणि परत ढकलतो, तेव्हा दोन मोजले जातात. ते दोन खरेच दोन आहेत, बीम दोनदा कटली, इथे कुठलाही थ्रेशोल्ड कामाचा नाही. सेन्सर दीड मीटर पुढे सरकवला, जिथे पट्ट्याला रेलिंग आहे आणि हात पोचत नाही.